मुलगा नेमका कोणत्या वयोगटात बसतो? जन्मतारीख, कट-ऑफ आणि वयाचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै-ऑगस्टात शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका भरायला सुरुवात झाली, की सातारा-सांगलीकडच्या क्रीडाशिक्षकांचे फोन वाजू लागतात. तालमीतले वस्ताद, बुद्धिबळाच्या वर्गाला मुलांना सोडणारे पालक, धनुर्विद्येच्या मैदानावरचे प्रशिक्षक, सगळ्यांचा सवाल एकच असतो: ‘आमचं पोरगं बसतंय का?’ बहुतेक वेळा उत्तर अर्ध्या मिनिटात देता येतं. अडचण होते ती काठावरच्या मुलांची. या पानावर मुख्यतः त्यांचाच हिशोब आहे. उदाहरणं २०२६-२७ च्या हंगामाची घेतली आहेत.

स्पर्धेच्या दिवशी मुलगा १३ वर्षांचाच आहे. तरी १४ वर्षांखालील गटातून नाव का काढलं?

कारण वय स्पर्धेच्या दिवशी मोजत नाहीत. ते आधीच ठरवून दिलेल्या एका तारखेला मोजतात, आणि तिलाच सगळे कट-ऑफ म्हणतात. शालेय स्पर्धांमध्ये ही तारीख त्या वर्षाची ३१ डिसेंबर असते. तालुक्याची स्पर्धा ऑगस्टात असो, जिल्ह्याची सप्टेंबरात असो की राष्ट्रीय स्पर्धा लांबून पुढच्या जानेवारीत जावो, हंगाम एक तर तारीख एक. नाहीतर तालुक्याला पात्र ठरलेला मुलगा विभागाला जाईपर्यंत वाढदिवस होऊन बाद झाला असता आणि अर्धा संघ वाटेतच गळाला असता.

म्हणून ऑक्टोबरात १४ पूर्ण करणारा मुलगा ऑगस्टात मैदानावर १३ वर्षांचा असला, तरी हिशोबात तो १४ चाच धरला जातो. पालकांना हे पटायला वेळ लागतो, पण नियम सगळ्यांना सारखाच लागतो.

मग १४, १७ आणि १९ वर्षांखालील म्हणजे नेमका कधीपासूनचा जन्म चालतो?

इथे माझा आग्रह एकच असतो. प्रत्येक मुलाचं वय काढत बसू नका. एकदाच जन्माची सीमा काढा आणि मग फक्त तारखा ताडून बघा.

३१ डिसेंबर २०२६ रोजी १४ पूर्ण झालेले नसले पाहिजेत. त्या दिवशी बरोबर १४ पूर्ण करणारा मुलगा ३१ डिसेंबर २०१२ चा. तो बाद. त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जानेवारी २०१३ रोजी जन्मलेला मुलगा त्या दिवशी १३ वर्षं, ११ महिने आणि ३० दिवसांचा असतो. तो आत. म्हणजे १४ वर्षांखालील गटाची सीमा झाली ‘१ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतरचा जन्म’. त्याच रीतीने १७ साठी १ जानेवारी २०१० आणि १९ साठी १ जानेवारी २००८.

तोंडी हिशोब करायचा तर हंगामाच्या वर्षातून गटाच्या आकड्यापेक्षा एक कमी वजा करा: २०२६ वजा १३ बरोबर २०१३. हा एक वजा करायचा राहिला, की १४ वजा होऊन २०१२ उत्तर येतं आणि शाळेच्या यादीत एक अख्खं वर्ष जास्तीचं शिरतं. यादीत आठवी-नववीची धिप्पाड पोरं जरा जास्तच दिसायला लागली, तर आधी ही वजाबाकी बघावी.

शाळेत आलेल्या परिपत्रकात जन्माची सीमा बहुतेक वेळा तारीख घालूनच दिलेली असते. तिथे ती असेल तर तीच अंतिम. आपली वजाबाकी फक्त पडताळणीसाठी.

१ जानेवारीला जन्मलेल्या मुलाबद्दल वाद का होतात?

कारण ‘वय पूर्ण होतं कधी’ या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही कायदेशीर आहेत.

आपण रोजच्या व्यवहारात मानतो, की वाढदिवस उजाडला की वर्ष पूर्ण झालं. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याच्या कलम ३(२) मध्येही तसंच आहे: जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाच्या सुरुवातीलाच माणूस सज्ञान झाला असं मानायचं. पण सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा प्रभू दयाल सेस्मा विरुद्ध राजस्थान राज्य हा निकाल बघा. उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६ चा. १ जानेवारी १९८४ रोजी २८ वर्षं पूर्ण झालेली नकोत, अशी अट होती. कोणीही म्हणेल, २८ वा वाढदिवस दुसऱ्या दिवशी आहे, म्हणजे माणूस बसतो. न्यायालयाने म्हटलं, जन्माचा दिवस धरून मोजलं तर २८ वं वर्ष १ जानेवारीच्या मध्यरात्री संपलं. उमेदवार अपात्र.

आता हाच तर्क आपल्या गटाला लावा. कट-ऑफ ३१ डिसेंबर, जन्म १ जानेवारी. त्या निकालाच्या मोजणीने मुलाचं १४ वं वर्ष ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच संपतं, आणि हट्टाने वाद घालणारा त्याला बाहेर काढू शकतो. म्हणूनच ‘३१ डिसेंबर रोजी १४ पेक्षा कमी’ एवढ्यावर न थांबता ‘१ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर’ असं स्पष्ट छापणं शहाणपणाचं असतं. त्यातल्या ‘रोजी किंवा’ या शब्दांनी हा वाद मिटतो. गावच्या किंवा मंडळाच्या स्पर्धेचं पत्रक तुम्ही स्वतः काढत असाल, तर त्यात वय लिहू नका, जन्माची तारीखच लिहा.

कुस्तीत संघटनेच्या १७ च्या गटात खेळलेला मल्ल शालेय १७ मध्ये बाद झाला. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. आकडा सारखा आहे, अर्थ वेगळा आहे. आमच्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो.

समजा कराडकडच्या एका तालमीतला मुलगा, जन्म ९ नोव्हेंबर २००९. ३१ डिसेंबर २०२६ रोजी त्याचं वय १७ वर्षं, १ महिना आणि २२ दिवस. शालेय १७ वर्षांखालील गटाची सीमा १ जानेवारी २०१०. मुलगा तिच्याआधी जन्मलेला, म्हणून बाद. त्याने शालेय १९ मध्येच उतरायचं. ऑगस्टातल्या तालुका स्पर्धेला तो १६ वर्षांचा असतो, ही गोष्ट खरी, पण तिचा उपयोग नाही.

आता कुस्तीची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे युनायटेड वर्ल्ड रेसलिंग. तिथला १७ चा गट म्हणजे त्या वर्षात १६ किंवा १७ ची होणारी मुलं. १५ चा होणारा मुलगा वैद्यकीय दाखला आणि पालकांची परवानगी असेल तरच उतरतो. इथे फक्त जन्माचं वर्ष बघतात, दिवस-महिना नाही. २०२६ मध्ये १७ चे होणारे म्हणजे २००९ चे, १६ चे होणारे म्हणजे २०१० चे. आपला ९ नोव्हेंबर २००९ चा मल्ल इथे आरामात बसतो.

थोडक्यात, शालेय गटात १७ हा आकडा बाहेर असतो आणि कुस्तीत तो आत असतो. वस्तादांनी ‘सतराच्या गटात खेळलाय’ असं सांगितलं, की क्रीडाशिक्षकाने आधी विचारावं: कोणत्या सतराच्या?

या भेदाचा फटका मुलाला वजनगटातही बसतो. शालेय १९ मध्ये त्याच्यासमोर जवळजवळ दोन वर्षांनी मोठा मल्ल येऊ शकतो. तयारी कुठल्या स्पर्धेसाठी करायची, हे तालमीत जूनमध्येच ठरलेलं बरं.

बुद्धिबळात तर माझ्या मुलीला आणखी एक वर्ष मिळालं. ते कसं?

सांगली म्हणजे नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव, त्यामुळे हा प्रश्न इथे हमखास येतो. जागतिक बुद्धिबळ संघटना फिडे कट-ऑफ वर्षाच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवते. नियम असा, की त्या वर्षाच्या १ जानेवारीच्या आधी खेळाडूने ते वय गाठलेलं नसावं. २०२६ च्या १४ वर्षांखालील गटासाठी ही सीमा होते १ जानेवारी २०१२.

म्हणजे २० मार्च २०१२ ची मुलगी फिडेच्या हिशोबाने २०२६ मध्ये १४ वर्षांखालील गटात बसते आणि त्याच वर्षी शालेय स्पर्धेत बसत नाही. शालेय बुद्धिबळ स्पर्धेला मात्र शालेय नियमच लागतो, खेळ बुद्धिबळ असला म्हणून सीमा बदलत नाही. नियम खेळाचा नसतो, स्पर्धा भरवणाऱ्याचा असतो.

धनुर्विद्येत १८ चा गट आहे. तो शाळेसारखा धरायचा की कुस्तीसारखा?

शाळेसारखा. जागतिक धनुर्विद्या संघटनेच्या नियमात १८ वर्षांखालील खेळाडू ज्या वर्षी १७ चा होतो, त्या वर्षापर्यंत त्या गटात खेळू शकतो. साताऱ्याच्या अदिती स्वामीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिचा जन्म २००६ चा, म्हणून २०२३ हे तिचं या गटातलं शेवटचं वर्ष. त्या वर्षी लिमरिकला ती १८ वर्षांखालील कंपाउंडची जगज्जेती झाली आणि पुढच्याच महिन्यात बर्लिनला मोठ्यांचं जागतिक विजेतेपदही घेऊन आली. वरच्या गटात खेळायला लहान वय आड आलं नाही. सीमा बहुधा वरून असते, खालून क्वचित.

गंमत बघा, धनुर्विद्येचा ‘१८’ आणि कुस्तीचा ‘१७’ यांची वरची सीमा एकच निघते. दोन्हीकडे २०२६ मध्ये २००९ चा खेळाडू चालतो. गटाच्या नावातला आकडा म्हणूनच फार मनावर घेऊ नये.

फॉर्मवर वय वर्षं-महिने-दिवसांत मागितलंय. हाताने कसं काढायचं?

खालून वर, म्हणजे आधी दिवस, मग महिने, मग वर्षं. क्रिकेटमध्ये कट-ऑफ १ सप्टेंबर असतो, तोच घेऊ, कारण त्यात हातचा घ्यावा लागतो. जन्म २४ नोव्हेंबर २०१०, कट-ऑफ १ सप्टेंबर २०२६.

दिवस: १ मधून २४ जात नाहीत. मागचा महिना ऑगस्ट, ३१ दिवसांचा. तो हातचा घेतला, ३२ वजा २४, बाकी ८. महिने: ९ मधला एक दिला, उरले ८. त्यातून ११ जात नाहीत, म्हणून वर्षातले १२ घेतले, २० वजा ११, बाकी ९. वर्षं: २०२५ वजा २०१०, बाकी १५. उत्तर १५ वर्षं, ९ महिने, ८ दिवस. उलट तपासायचं तर २४ नोव्हेंबर २०२५ ला १५ पूर्ण, २४ ऑगस्ट २०२६ ला वर ९ महिने, तिथून १ सप्टेंबरपर्यंत ८ दिवस. जुळलं.

हातचा घेताना सरसकट ३० धरणारे बरेच आहेत. त्यांचं उत्तर इथे ७ दिवस येईल. पात्रतेला त्याने फरक पडत नाही, पण दोन कागदांवर दोन वयं दिसली की छाननीच्या टेबलावर उगाच चौकशी होते.

एकूण दिवसांना ३६५ ने भागलं तर चालतं का?

नाही. आणि ३६५.२५ ने भागूनही नाही, जरी ते फार शास्त्रीय दिसत असलं तरी. काठावरची दोन मुलं घेऊ, कट-ऑफ ३१ डिसेंबर २०२६.

पहिला १ जानेवारी २०१३ चा, नियमाने पात्र. जन्मापासून कट-ऑफपर्यंत ५११२ दिवस होतात, कारण मधे २०१६, २०२० आणि २०२४ ही तीन लीप वर्षं आली. ५११२ भागिले ३६५ म्हणजे १४.००५. शीट म्हणतं १४ पूर्ण, मुलगा बाद. असाच अन्याय २ आणि ३ जानेवारीच्या मुलांवरही होतो.

दुसरा ३१ डिसेंबर २०१२ चा, नियमाने अपात्र. त्याचे दिवस ५११३. ३६५.२५ ने भागलं तर १३.९९९ येतं. शीट म्हणतं १४ झाले नाहीत, मुलगा आत. आणि पुढे जिल्ह्याला हरकत आली, की अख्खा संघ गोत्यात. एका भागाकाराने हक्काचा मुलगा बाहेर, दुसऱ्याने नको तो आत.

एक्सेलमध्ये अख्ख्या शाळेची यादी आहे. बरोबर सूत्र कोणतं?

पात्रतेसाठी वय नकोच, तारखांची तुलना पुरते. जन्मतारीख `B2` मध्ये असेल तर:

```
=IF(ISNUMBER(B2),IF(B2>=DATE(2013,1,1),"पात्र","अपात्र"),"तारीख तपासा")
```

यातला `ISNUMBER` शोभेचा नाही. एक्सेलला तारीख म्हणजे आतून एक संख्या असते. पण यादी दुसरीकडून चिकटवली असेल तर पुष्कळदा तारीख नुसता मजकूर म्हणून बसते. आणि एक्सेलच्या तुलनेत मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो. म्हणजे तपासणी नसेल तर मजकूर म्हणून बसलेली प्रत्येक तारीख, मग ती २००५ ची का असेना, ‘पात्र’ दाखवते. ओळखायची खूण सोपी: खऱ्या तारखा रकान्यात उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे.

दुसरा घोळ दिवस-महिन्याच्या अदलाबदलीचा. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०१/१२/२०१२ म्हणजे आपली १ डिसेंबर त्याला १२ जानेवारी वाटते. आणि १८/०८/२०१३ त्याला वाचताच येत नाही, कारण अठरावा महिना नसतो, म्हणून ती मजकूर राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर हेच झालंय असं समजा. अशा वेळी उजवीकडच्याही सगळ्या तारखा दाखल्याशी ताडून बघाव्या लागतात, कारण त्या गुपचूप उलट्या झालेल्या असतात.

पूर्ण झालेली वर्षं हवीच असतील, तर कट-ऑफ `D1` मध्ये ठेवून:

```
=DATEDIF(B2,$D$1,"Y")
```

वरचे महिने `"YM"` ने मिळतात. दिवसांसाठी `"MD"` आहे, पण त्याची उत्तरं काही वेळा चुकतात, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय. दिवस हातानेच काढलेले बरे.

जन्म २९ फेब्रुवारीचा आहे. काय करायचं?

काहीच नाही. कट-ऑफ ३१ डिसेंबर, १ जानेवारी किंवा १ सप्टेंबर असेल तर त्या मुलाचा वाढदिवस २८ फेब्रुवारीला धरा की १ मार्चला, निकाल बदलत नाही.

आमच्या संघात पाच मुलांची तारीख १ जून आहे. हरकत घेतील का?

घेऊ शकतात, पण नुसत्या १ जूनवरून कोणी अपात्र होत नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. आजच्या मुलांची जन्मनोंद मात्र बहुधा असते. म्हणून अशा मुलांचा ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला आधीच काढून ठेवा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळवा.

जन्मदाखल्यावर एक तारीख आणि शाळेच्या रजिस्टरवर दुसरी. कोणती धरणार?

छाननीत आधी जन्मदाखला बघतात, आणि त्यावरची जन्मतारीख बघून थांबत नाहीत. नोंदणीची तारीखही वाचतात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायची असते. वर्ष उलटून गेलं, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. त्यामुळे जन्म २०१३ चा आणि नोंद २०२४ ची, असा दाखला समोर आला की कोणाच्याही भुवया वर जातात. तो खोटाच असतो असं नाही, पण जुनी कागदपत्रं मागितली जाणारच: पहिलीच्या प्रवेशाच्या वेळचा रजिस्टरचा उतारा, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याची नोंद.

दोन तारखा एकाच वर्षातल्या असतील आणि दोन्ही सीमेच्या एकाच बाजूला पडत असतील, तर पात्रतेचा प्रश्न नाही, तरी दुरुस्ती करून घ्या. एक तारीख १ जानेवारी २०१३ च्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत मुलाला वरच्या गटात खेळवणं सुरक्षित. त्याचं एक वर्ष जाईल, पण संघावर हरकत येणार नाही. रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापकांना आपल्या पेनाने बदलता येत नाही, त्यासाठी शिक्षण विभागाची मंजुरी लागते, म्हणून हे काम ऑगस्टात सुरू करून उपयोग नाही.

कागद बरोबर असूनही हाताचा एक्स-रे काढायला सांगितलाय. म्हणजे संशय आहे का?

तसंच असेल असं नाही. क्रिकेट मंडळाच्या १६ वर्षांखालील मुलांच्या गटात टीडब्ल्यू३ ही चाचणी सरसकट केली जाते. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधतात. तो अंदाजच असतो. लवकर वाढ झालेल्या मुलाचं हाडांचं वय दाखल्यापेक्षा जास्त येऊ शकतं, आणि ते गटाच्या मर्यादेबाहेर गेलं तर दाखला कितीही खरा असला तरी त्या गटात खेळता येत नाही. म्हणून अशा गटाची निवड चाचणी असेल तेव्हा, मुलगा सीमेच्या आत किती महिने आहे याबरोबर तो अंगाने किती लवकर वाढलाय, हेही प्रशिक्षकाने आधीच बघून ठेवावं.